अमावास्या संध्याकाळी लागली तर लक्ष्मीपूजन कोणत्या संध्याकाळी?

प्रश्न: "गुरुजी, अमावास्या आज संध्याकाळी लागून उद्या संपत असेल तर लक्ष्मीपूजन आज करायचं की उद्या? २०२२ ला आम्ही अमावास्येच्या आदल्या दिवशी केलं, २०२५ ला अमावास्येच्याच दिवशी केलं, आणि तेव्हा दिल्लीच्या नणंदेने आमच्या एक दिवस आधीच उरकलं होतं. आमचं दुकान आहे, वहीपूजन असतं. भाऊ न्यू जर्सीला असतो, तो आमचीच तारीख धरतो. नेमका नियम काय?"

ताई, पुण्यात पौरोहित्य करताना दिवाळीच्या पंधरा दिवस आधीपासून मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे याच प्रश्नाचे असतात. बहुतेकांची गफलत नियमापाशी पोचायच्या आधीच, पंचांगाची ओळ वाचताना होते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पंचांगात एखाद्या तारखेसमोर जी तिथी छापलेली असते ती त्या दिवशी सूर्योदयाला असलेली तिथी, आणि तिच्यापुढचे तास-मिनिटं म्हणजे ती संपण्याची वेळ. २०२२ चं पान घ्या. २४ ऑक्टोबरच्या ओळीत चतुर्दशी आणि १७:२७. २५ ऑक्टोबरच्या ओळीत अमावास्या आणि १६:१८. भिंतीवरच्या कॅलेंडरात २५ च्या चौकोनात 'अमावास्या' दिसते, आणि लक्ष्मीपूजन मात्र २४ च्या चौकोनात. माणूस गोंधळतोच. पण त्या दोन ओळी एकत्र वाचल्या तर कळतं की अमावास्या २४ च्या संध्याकाळी ५ वाजून २७ मिनिटांनी लागली आणि २५ ला दुपारी ४ वाजून १८ मिनिटांनी संपली. म्हणजे तुम्ही त्या वर्षी पूजा अमावास्येतच केलीत, फक्त चौकोन चतुर्दशीचा होता.

आता कोणती संध्याकाळ घ्यायची ते बघू. लक्ष्मीपूजनाचा काळ प्रदोष. प्रदोष म्हणजे सूर्यास्तापासून पुढे रात्रीचा पाचवा भाग. रात्रीचे पंधरा मुहूर्त धरतात, त्यातले पहिले तीन. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे रात्र साडेबारा तासांच्या आसपास असते, म्हणून प्रदोष साधारण अडीच तासांचा येतो. २४ ऑक्टोबर २०२२ ला पुण्यात सूर्य ६ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास मावळला, तेव्हा प्रदोष साधारण ८:३५ पर्यंत. अमावास्या सूर्यास्ताच्या आधीच लागलेली, त्यामुळे सगळा प्रदोष अमावास्येत. दुसऱ्या दिवशी अमावास्या सूर्यास्ताच्या पावणेदोन तास आधी संपली, म्हणजे २५ च्या प्रदोषात ती नव्हतीच. पहिल्याच दिवशी प्रदोषात अमावास्या असेल तर लक्ष्मीपूजन पहिल्या दिवशी, हा धर्मसिंधू या ग्रंथातला सरळ नियम. काम तिथेच संपलं.

त्या वर्षी २५ ला संध्याकाळी सूर्यग्रहण होतं, म्हणून ग्रहणामुळे पूजा एक दिवस आधी ओढली असं अनेकांनी धरलं. काही घरांत ते अजूनही तसंच सांगितलं जातं. ग्रहण नसतं तरी पूजा २४ लाच होती.

तुमचा खरा प्रश्न २०२५ चा आहे, कारण तिथे हा सरळ नियम लावला तर २० ऑक्टोबर येते आणि आपल्या पंचांगांनी २१ दिली. त्या वर्षी अमावास्या २० ला दुपारी ३:४४ ला लागली आणि २१ ला संध्याकाळी ५:५४ ला संपली. २० चा सगळा प्रदोष अमावास्येत होता, यात शंका नाही. २१ ला पुण्यात सूर्यास्त सुमारे ६:०८ ला, म्हणजे अमावास्या त्याआधी चौदा मिनिटं संपलेली. नागपुरात सूर्य लवकर मावळतो, ५:४५ च्या सुमारास, म्हणून तिथे ती सूर्यास्तानंतर नऊएक मिनिटं टिकली. वरवर पाहणारा म्हणेल, नागपूरचं सोडा, पुण्या-मुंबईला तर २१ च्या प्रदोषात अमावास्या एक क्षणही नाही, मग २१ कशी?

इथे धर्मसिंधूतला पुढचा भाग लागतो. हा ग्रंथ पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिला आणि महाराष्ट्रात सण-व्रतांचा निर्णय मुख्यतः त्यावरून होतो. लक्ष्मीपूजनाच्या प्रकरणात त्यांनी पुरुषार्थचिंतामणी या ग्रंथाचं मत नोंदवलं आहे. ते असं की अमावास्या फक्त पहिल्याच दिवशी प्रदोषात असली, तरी दुसऱ्या दिवशी ती तीन प्रहरांहून जास्त असेल आणि अमावास्येपेक्षा प्रतिपदा मोठी असेल, तर लक्ष्मीपूजनही दुसऱ्याच दिवशी. दोन अटी, आणि दोन्ही पुऱ्या व्हायला हव्यात.

२१ ऑक्टोबर २०२५ ला त्या लावून बघा. पुण्यात सूर्योदय साडेसहाला, सूर्यास्त ६:०८ ला, म्हणजे दिवस सुमारे ११ तास ३८ मिनिटांचा. दिवसाचे चार प्रहर, त्यातले तीन संपतात दुपारी सव्वातीनच्या आत. अमावास्या ५:५४ पर्यंत. पहिली अट पुरी. अमावास्येची लांबी २० च्या ३:४४ पासून २१ च्या ५:५४ पर्यंत, म्हणजे २६ तास १० मिनिटं. प्रतिपदा तिथून २२ च्या रात्री ८:१६ पर्यंत, म्हणजे २६ तास २२ मिनिटं. फरक फक्त बारा मिनिटांचा, पण प्रतिपदा मोठी. दुसरी अटही पुरी. म्हणून दाते पंचांग, कालनिर्णय वगैरेंनी २१ दिली, राज्य शासनाची लक्ष्मीपूजनाची सुट्टी २१ ला आली आणि मुंबई शेअर बाजाराचा मुहूर्ताचा व्यवहारही २१ लाच झाला.

याच अटी २०२२ ला लावल्या तर काय होतं तेही पाहा, कारण तुमच्या घरात दोन वर्षं दोन वेगळे निकाल लागले ते यामुळेच. २५ ऑक्टोबर २०२२ ला अमावास्या ४:१८ पर्यंत होती, म्हणजे तीन प्रहरांच्या पुढे तासभर. पहिली अट तेव्हाही पुरी होती. पण अमावास्या २२ तास ५१ मिनिटांची आणि तिच्या मागची प्रतिपदा २२ तास २४ मिनिटांची. प्रतिपदा लहान, म्हणजे दुसरी अट मोडली आणि पूजा पहिल्या दिवशी राहिली. हे न बघता 'अमावास्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत आहे ना, मग उद्याच करा' असं सांगणारे भेटतात. २०२३ ला तर पहिलीच अट थोडक्यात हुकली. अमावास्या १३ नोव्हेंबरला २:५६ ला संपली आणि पुण्यात तीन प्रहर पुरे होतात ३:०८ च्या सुमारास. पूजा १२ लाच झाली.

राहिला तिसरा प्रकार, जो २०२४ ला आला. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३:५२ ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६:१६ पर्यंत होती. पुण्यात १ तारखेचा सूर्यास्त ६:०२ ला, म्हणजे अमावास्या दुसऱ्या दिवशीही प्रदोषात चौदा मिनिटं होती. दोन्ही दिवशी प्रदोषात असेल तर दुसरा दिवस घ्यावा, असा धर्मसिंधूचा नियम आहे, म्हणून आपल्याकडे १ नोव्हेंबर. काशीच्या विद्वानांनी ३१ ऑक्टोबर सांगितली. त्यांचं म्हणणं डावलण्यासारखं नव्हतं, कारण त्याच ग्रंथात लिहिलं आहे की सूर्यास्तानंतर घटकेपेक्षा जास्त अमावास्या असेल तर संशयच उरत नाही. घटका चोवीस मिनिटांची. आपल्याकडे होती चौदा. म्हणजे निःसंशय म्हणावी अशी ती स्थिती नव्हती. मी १ तारीख धरली, यजमानांनाही तीच दिली, आणि ज्यांनी विचारलं त्यांना हेही सांगितलं की हा निर्णय काठावरचा आहे.

यावरून तुमच्या नणंदेचं उत्तर मिळतं. उत्तरेत बहुतेक ठिकाणी सगळा प्रदोष आणि मध्यरात्र अमावास्येत असलेली संध्याकाळ प्रमाण मानतात. तिथे लक्ष्मीपूजनाला निशीथकाळाचंही महत्त्व आहे, आपल्याकडे घरगुती पूजेत ते फारसं नाही. त्या हिशेबाने २०२५ ला २० तारीखच येते. त्यांनी तिथल्या परंपरेने बरोबर केलं, तुम्ही इथल्या परंपरेने. मात्र एकाच घरात दर वर्षी सोयीची परंपरा निवडणं मला पटत नाही. यंदा सुट्टी सोमवारी आहे म्हणून काशीचं, पुढच्या वर्षी मंगळवारी आहे म्हणून पुण्याचं, असं करू नका. घरात जे पंचांग चालत आलं आहे ते धरा आणि दर वर्षी तेच धरा. लग्न होऊन दुसऱ्या प्रांतात गेलेल्या मुली विचारतात, तेव्हा मी सांगतो की सासरच्या घरी जी तारीख चालते तीच पाळा, आईकडची वेगळी पूजा मांडू नका.

२०२५ सारख्या वर्षी लोकांना एक शंका फार छळते. पूजा मांडेपर्यंत साडेसहा होतात, पंचांग सांगतं की प्रतिपदा लागली, मग संकल्पात अमावास्या कशी म्हणायची? म्हणायची. ज्या तिथीत सूर्य उगवला ती स्नान, दान, व्रत यांसाठी पूर्ण दिवस धरतात, तिला साकल्यापादित तिथी म्हणतात. निर्णय एकदा २१ चा झाला की त्या संध्याकाळची पूजा अमावास्येचीच पूजा. त्या वर्षी एका यजमानांनी ५:५४ च्या आत पूजा उरकायची म्हणून साडेचारलाच चौरंग मांडून मला बोलावलं. लाह्या-बत्तासे, धणे-गूळ, नवी केरसुणी, सगळं तयार. मी त्यांना सूर्यास्तापर्यंत थांबवलं. दिवसाढवळ्या केलेली पूजा अमावास्येत झाली असती, पण प्रदोषात झाली नसती, आणि या पूजेला काळ प्रदोषाचा लागतो.

याच्या उलट घोटाळा २०२२ सारख्या वर्षी होतो. अमावास्या ५:२७ ला लागली, तेव्हा त्याआधी पूजा केली तर ती चतुर्दशीत जाते. दुकानदार दुपारी चारला वहीपूजन करून मोकळे होतात, त्यांनी अशा वर्षी घाई करू नये. तुमच्या दुकानासाठी माझं सांगणं असं की घर आणि दुकान यांची तारीख एकच ठेवा. आधी दुकानात वही, तराजू, गल्ला यांची पूजा सूर्यास्तानंतर लगेच करा, मग घरी या. अडीच तासांत दोन्ही निवांत होतं. अमावास्या सूर्यास्तानंतरच लागणार असेल, समजा सव्वासातला, आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताआधी संपणार असेल, तरी वरच्या दोन अटी आधी लावून बघा. त्या पुऱ्या होत नसतील तर संध्याकाळ पहिलीच, फक्त सव्वासातपर्यंत थांबायचं आणि प्रदोष संपायच्या आत पूजा करायची. तोवर मांडणी, रांगोळी, दिवे होऊ द्या. पणत्या लावायला तिथीची वाट पाहावी लागत नाही.

व्यापारी मंडळी स्थिर लग्न मागतात. लग्न म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास, आणि वृषभ ही स्थिर राशींपैकी एक. वृषभ लग्न दिवाळीत प्रदोषाला जुळून येतं, म्हणून ती प्रथा पडली. सूर्य तुळेत असतो, सूर्यास्ताला मेष लग्न असतं आणि मेष संपली की वृषभ. दिवाळी ऑक्टोबरच्या विशीत आली तर सूर्यास्तानंतर दीडएक तास थांबावं लागतं, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली तर सूर्यास्तानंतर लगेचच वृषभ लागतं. जमलं तर उत्तम. त्यासाठी प्रदोष मात्र सोडू नका. राहुकाळाची भीती तर मनातून काढूनच टाका. तो दिवसाच्या आठ भागांपैकी एक, रविवारी शेवटचा भाग येतो तोही सूर्यास्ताला संपतो. लक्ष्मीपूजन सूर्यास्तानंतर, मग राहुकाळ मध्ये येणार कुठून?

आता भावाचं. त्याने इथली तारीख तशीच उचलली तर चूक होऊ शकते, आणि २०२५ ला झाली असणार. अमावास्या लागण्याचा आणि संपण्याचा क्षण जगभर एकच असतो, पण घड्याळात तो वेगळा पडतो. न्यू जर्सीत तेव्हा अमावास्या २० ऑक्टोबरला सकाळी ६:१४ ला लागली आणि २१ ला सकाळी ८:२४ ला संपली. २१ च्या संध्याकाळी तिथे अमावास्या संपून अर्धा दिवस झालेला, तीन प्रहरांचा तर प्रश्नच नाही. त्याची संध्याकाळ २० ची होती. उलट सिडनीत अमावास्या २० ला रात्री ९:१४ ला लागली, तिथला प्रदोष अगदी संपत आल्यावर, आणि २१ ला रात्री ११:२४ पर्यंत होती. तिथे कसलाही वाद न होता २१. म्हणून भावाला सांगा की आपली तारीख विचारण्याऐवजी त्याच्या गावचा सूर्यास्त आणि त्याच्या घड्याळातल्या अमावास्येच्या वेळा काढ. परदेशातली काही मराठी मंडळं स्थानिक वेळेची तिथीपत्रिका काढतात, तीही चालेल.

तुम्हाला स्वतःला पडताळायचं असेल तर कागदावर एवढंच लिहा: चतुर्दशी कधी संपते, अमावास्या कधी संपते, प्रतिपदा कधी संपते आणि तुमच्या गावात दोन्ही दिवसांचा सूर्योदय-सूर्यास्त. अमावास्या दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतरही असेल तर दुसरी संध्याकाळ, मात्र घटकेहून कमी असेल तर आपल्या पंचांगकर्त्यांचा निर्णय वाचून घ्या. सूर्यास्ताआधी संपत असेल तर तीन प्रहर आणि प्रतिपदेची लांबी बघा. दोन्ही जमलं तर दुसरी, एकही मोडलं तर पहिली. २०२६ लाच करून बघा. अमावास्या ८ नोव्हेंबरला सकाळी ११:२७ ला लागते आणि ९ ला दुपारी १२:३१ ला संपते. ९ तारखेचे तीन प्रहर भरायच्या कितीतरी आधी अमावास्या संपते, म्हणून लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला. न्यू जर्सीत तेव्हा घड्याळ मागे गेलेलं असेल, तिथे अमावास्या ८ च्या पहाटे १२:५७ ला लागून ९ च्या पहाटे दोनला संपेल. त्या वर्षी भावाची आणि तुमची तारीख एकच येते.